छापखान्यावर पाच मिनिटांचं भाषण: सुरुवात बुलढाण्यातून करा

इतिहास दिनाला ‘छापखान्यामुळे सामान्य माणसांचं आयुष्य कसं बदललं’ हा विषय मिळाला की बहुतेक मुलं गुटेनबर्गपासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात. मेंझ शहर, १४५५ च्या सुमारास छापलेलं बायबल, मग ‘ज्ञानाची दारं उघडली’ असं एक वाक्य आणि टाळ्या. परीक्षकाने खाली बसून विचारलं, “बाळा, नेमकं कुणाचं काय बदललं?” तर मुलगा गप्प. त्याच्या भाषणात एकही सामान्य माणूस नव्हता.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्याने हे भाषण कसं बांधायचं, ते या लेखात पायरीपायरीने सांगतो. उदाहरण मुद्दाम आपल्या भागातलं घेतलं आहे: बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आणि त्यांचं १८८२ मध्ये छापलेलं ‘स्त्रीपुरुषतुलना’. ही एक गोष्ट नीट कळली की छापखान्याने काय केलं हे मुलाला पाठ करावं लागत नाही.

आधी एकच माणूस निवडा

पाच मिनिटांत पाचशे वर्षं मावत नाहीत. व्यासपीठावर मुलं मिनिटाला साधारण ९० ते १०० शब्द बोलतात. म्हणजे हाताशी जेमतेम साडेचारशे शब्द आहेत. त्यात चीन, जर्मनी, गोवा, बंगालातलं श्रीरामपूर, मुंबई, पुणे सगळं कोंबलं तर वेळापत्रक वाचल्यासारखं होतं. म्हणून एक माणूस, एक पुस्तक, एक प्रश्न एवढंच धरा. बाकीचा इतिहास त्याच्या मागे चार वाक्यांत उभा राहतो.

ताराबाईंचीच निवड का, ते सांगतो. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते आणि सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. त्यांनी मुलीला घरीच लिहायला-वाचायला शिकवलं. ताराबाई राणी नव्हत्या की पुढारी नव्हत्या. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात मुलाच्या हत्येचा खटला चालला. आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी झाली. त्या निमित्ताने ‘पुणे वैभव’ या पुण्याच्या वर्तमानपत्राने सरसकट बायकांनाच दोष देणारं लिहिलं. त्याला ताराबाईंनी पुस्तक लिहून उत्तर दिलं. ते पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापलं गेलं, प्रती ५००, किंमत नऊ आणे.

या गोष्टीत एक बारकावा आहे आणि भाषणाचा कणा तोच आहे. बायकांची निंदा छापूनच आली होती आणि तिला उत्तरही छापूनच गेलं. छापखाना कुणा एकाच्या बाजूचा नव्हता. पूर्वी मोठ्या माणसाचं बोलणं गावोगाव पोचे आणि बुलढाण्यातल्या बाईचं बोलणं तिच्या घरात राही. आता तिला त्याच साधनाने जाब विचारता आला. ‘लोकांना वाचायला मिळालं’ हे सगळेच सांगतात. तुमच्या विद्यार्थ्याने ‘लोकांना उत्तर देता आलं’ हे सांगावं.

नऊ-दहा वर्षांच्या श्रोत्यांसमोर खटल्याचा तपशील नको वाटत असेल तर ‘एका विधवेवर खटला चालला, तिला कडक शिक्षा झाली’ एवढं पुरे. गोष्ट त्याने कमजोर होत नाही.

नागपूरकडच्या मुलांना आणखी एक पर्याय आहे. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपुरातून दलित आणि कामगारांसाठी पत्रं काढली. ‘मजूर पत्रिका’ हे त्यांतलं एक. बांधणी हीच राहते, माणूस बदलतो.

‘आधी कसं होतं’ हे मोजून दाखवा

छपाईआधी पुस्तकं हाताने उतरवत, हे मुलं एका वाक्यात उरकतात आणि ऐकणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. इथे वर्गात एक प्रयोग करा. मराठीच्या पाठ्यपुस्तकातलं एक भरगच्च पान घ्या, शाईच्या पेनने, सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता उतरवायला सांगा आणि घड्याळ लावा. तीन-चार मुलांचे वेळ घेऊन मधला धरा.

समजा २० मिनिटं लागली. पन्नास पानी पुस्तक धरलं तर एका प्रतीला १,००० मिनिटं, म्हणजे जवळपास १७ तास. अशा ५०० प्रतींना सुमारे ८,३०० तास. रोज सहा तास न चुकता लिहिलं तरी जवळपास १,४०० दिवस, म्हणजे पावणेचार वर्षांहून जास्त. भाषणात हा आकडा सांगताना ‘आम्ही वर्गात मोजलं’ असंच म्हणायचं. तो इतिहासाच्या पुस्तकातला आकडा नाही, आपला हिशोब आहे, आणि म्हणूनच परीक्षकाला तो आवडतो. तुमच्या वर्गात ३० मिनिटं लागली तर ३० चाच हिशोब करा. माझे आकडे उचलू नका.

खिळा हातात घ्या

तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका, पावती पुस्तकं छापणारं एखादं जुनं दुकान असतंच. आता तिथे ऑफसेट नाहीतर डिजिटल काम चालतं, पण जुन्या मालकाकडे खिळ्यांचे लाकडी खण किंवा पायाने चालणारं ट्रेडल मशीन पडलेलं असण्याची शक्यता बरीच असते. शिक्षकाला बरोबर घेऊन जा आणि एक खिळा मागून बघा.

खिळा म्हणजे शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून ओतलेला छोटा चौकोनी दांडा. त्याच्या डोक्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. अंगाला एका बाजूला खाच असते. खिळे जुळवणारा जुळारी त्या खाचेवर बोट फिरवून, न बघताच, अक्षर सरळ लागतंय की उलटं हे ओळखायचा. इंग्रजीला थोड्या खिळ्यांत भागतं. देवनागरीत जोडाक्षरं, मात्रा, उकार, रफार असल्यामुळे कित्येकशे वेगवेगळे खिळे लागत. म्हणून मराठी छपाईला चांगला खिळा पाडणारा कारागीर मिळणं हीच मोठी गोष्ट होती. खिळा हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवायला मुलांना सांगा; त्यात शिसं असतं, तो तोंडात तर मुळीच जाता कामा नये.

खिळा मिळाला नाही तर स्टेशनरीच्या दुकानातला रबरी अक्षरांचा शिक्का चालेल. व्यासपीठावर तो एकदाच उचलायचा, पहिल्या बाकावरच्या मुलाला दाखवायचा आणि ठेवून द्यायचा. हातात धरून भाषणभर फिरवला तर लोक तोच बघत बसतात.

घरी विचारा

भाषणात गावाचा माणूस येण्यासाठी आजी-आजोबांना दोन प्रश्न विचारायचे. पहिला: “आजी, तुमच्या लहानपणी घरी पत्र आलं तं कोण वाचून दाखवे?” दुसरा: “श्रावणात पोथी कोण वाचे, अन् ऐकाले कोण कोण येत?” उत्तर आजीच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या, शुद्ध करू नका. व्यासपीठावर ते एक वाक्य वऱ्हाडीतच म्हणा, सभागृह जागं होतं.

या प्रश्नांमागे कारण आहे. छापील कागदाचा उपयोग फक्त वाचणाऱ्याला झाला असं नाही. एकजण वाचे आणि ओसरीवर वीसजण ऐकत. छापखान्याचा परिणाम मोजताना ऐकणारे धरले नाहीत तर खेडं हिशोबातूनच निघून जातं.

जुनं पंचांग, पोथी, साऱ्याची पावती, लग्नपत्रिका घरात सापडली तर तिच्यावर छापखान्याचं नाव आणि गाव कुठे आहे ते बघा. बहुतेकदा अगदी खाली बारीक अक्षरात असतं. तो कागद किती लांबून आला हे तिथे कळतं.

चार वाक्यांची पार्श्वभूमी, आणि एक शाईची गोष्ट

भाषणाला जगाचा इतिहास एवढाच लागतो: चीनमध्ये अकराव्या शतकात बी शेंगने मातीचे सुटे खिळे केले होते. पंधराव्या शतकात मेंझला गुटेनबर्गने धातूचे खिळे आणि दाबयंत्र यांची सांगड घातली. भारतात पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, मिशनऱ्यांच्या कामासाठी. मराठी माणसाच्या घरात छापील कागद शिरायला त्यानंतर पावणेतीनशे वर्षं गेली.

तो कसा शिरला, याची गोष्ट मात्र दोन-तीन वाक्यं जास्त देण्याजोगी आहे. मुंबईचे गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छपाई करून, मराठी पंचांग छापलं. तोवर हाती लिहिलेलं पंचांग जोशीबुवांकडे असे आणि तिथी विचारायला त्यांच्याकडे जावं लागे. पण छापलेलं पंचांग घ्यायला लोक कचरत होते, कारण छपाईच्या शाईत जनावराची चरबी असते असं त्यांना कळलं होतं. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून तो प्रश्न सोडवला. नवी वस्तू आली की लोक लगेच तिच्याकडे धावले असं इतिहासात क्वचितच होतं, आणि तुपाची शाई हा त्याचा सुरेख पुरावा आहे.

‘दर्पण’चा उल्लेख करायचा असेल तर जपून करा. बाळशास्त्री जांभेकरांनी ते ६ जानेवारी १८३२ ला सुरू केलं, ते मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र. भारतातलं पहिलं नव्हे. कलकत्त्यात १७८० मध्येच हिकीचं इंग्रजी पत्र निघालं होतं. ही चूक दर वर्षी कुणी ना कुणी करतंच.

तयार मसुदा

खाली एका नववीतल्या मुलीसाठी बांधलेलं भाषण देतो. चौकटी कंसातली जागा तिने स्वतः भरायची आहे.

“सन्माननीय व्यासपीठ, गुरुजन आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

१८८२ साल. आपल्या बुलढाण्यात एका बाईला राग आला होता. तिचं नाव ताराबाई शिंदे. सुरतेला एका तरुण विधवेवर खटला चालला, तिला कडक शिक्षा झाली, आणि पुण्याच्या एका वर्तमानपत्राने त्यावरून सगळ्याच बायकांना नावं ठेवली. ते वाचून ताराबाईंना राग आला.

राग त्यांच्या आधीच्या बायकांनाही आला असेल. त्यांचं कुणी ऐकलं नाही. ताराबाईंनी मात्र पुस्तक लिहिलं आणि ते पुण्यात छापून घेतलं. पाचशे प्रती. नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’.

पाचशे प्रती म्हणजे किती, हे बघायला आम्ही वर्गात एक पान हाताने उतरवलं. आम्हाला [२०] मिनिटं लागली. पन्नास पानांच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती एका माणसाने रोज सहा तास लिहायच्या म्हटल्या, तर [पावणेचार] वर्षं लागतील. तोवर ते वर्तमानपत्र कुणाच्या लक्षात राहिलं असतं?

हे ज्याने शक्य केलं तो हा. (खिळा दाखवणे.) याच्यावर अक्षर उलटं आहे. एकदा ओळ जुळवली की हवे तेवढे कागद छापा, मग खिळे मोकळे करा आणि दुसरं पान जुळवा. चीनमध्ये हे मातीत झालं, जर्मनीत गुटेनबर्गने धातूत केलं, १५५६ ला छापखाना गोव्यात आला. पण आपल्या माणसांच्या घरात तो खूप उशिरा शिरला. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं, तर लोक म्हणाले, शाईत चरबी आहे. मग त्यांनी तुपाची शाई केली! तेव्हा कुठे ते पंचांग घराघरांत गेलं.

मित्रांनो, एक खरं सांगायला हवं. ताराबाईंच्या पुस्तकाची किंमत होती नऊ आणे. शेतात राबणाऱ्या बाईला ते परवडणारं नव्हतं आणि तिला वाचताही येत नव्हतं. मग तिचं काय बदललं? माझ्या आजीला मी विचारलं, तर ती म्हणाली, [आजीचं वाक्य]. एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. छापलेला शब्द असा कानांवाटे गावात आला.

ताराबाईंवर टीका झाली. तेव्हा महात्मा फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि तेही छापूनच, आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत, १८८५ साली. पुण्यातलं वर्तमानपत्र बोललं, बुलढाण्याच्या बाईने उत्तर दिलं, पुण्यातून फुल्यांनी साथ दिली. ही माणसं एका खोलीत कधी बसली नसतील, पण त्यांचा वाद सगळ्या महाराष्ट्रासमोर झाला.

पुढे हे पुस्तक लोक विसरले. नव्वदहून जास्त वर्षांनी, १९७५ मध्ये, संशोधक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं. हाती लिहिलेली एकच वही असती आणि ती वाळवीने खाल्ली असती, तर आज मी इथे ताराबाईंचं नाव घेऊ शकले नसते. धन्यवाद.”

वाचून घ्या, मग कापा

हा मसुदा आजीच्या वाक्यासह पाच मिनिटांच्या थोडा आतच बसतो. मुलगी घड्याळ लावून उभ्याने म्हणेल तेव्हाच खरा वेळ कळतो; बसून मनात वाचलं की नेहमी कमी भरतो. वेळ जास्त होत असेल तर आधी चीन आणि जर्मनीचं वाक्य काढा. वर्गातला हिशोब, नऊ आणे आणि आजी या तीन गोष्टींना हात लावू नका, कारण भाषण त्यांच्यामुळेच या मुलीचं आहे.

पाठांतर बिघडलंय हे कसं ओळखायचं? मुलीला मध्येच थांबवून विचारा, “फुल्यांनी कुठे लिहिलं?” ती पहिल्या वाक्यापासून म्हणायला लागली तर तिने शब्द पाठ केलेत, गोष्ट केलेली नाही. अशा वेळी कागद काढून घ्या आणि तीच गोष्ट तिला मैत्रिणीला सांगतात तशी दोनदा सांगायला लावा, मग पुन्हा मसुद्याकडे वळा. व्यासपीठावर न्यायच्या कार्डावर पूर्ण वाक्यं नकोत. १८८२, ५०० प्रती, नऊ आणे, १८३१ तुपाची शाई, १८८५ सत्सार, १९७५ मालशे, एवढं मोठ्या अक्षरात पुरे.

‘नऊ आणे’ म्हणताना आजच्या मुलांना काही अंदाज येत नाही. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे निम्म्या रुपयाहून जरा जास्त. कुणी विचारलं तर जोडीला हे सांगता येतं: पुढे निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी दहा वर्षांचे असताना मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले, तेव्हा त्यांचा पगार महिन्याला दोन रुपये होता. तो काळ ताराबाईंच्या तीस-एक वर्षं आधीचा आणि पगार लहान मुलाचा, हे सांगूनच तुलना करायची. तरी नऊ आणे ही सहज खर्च करण्याची रक्कम नव्हती, हे त्यातून कळतं.

परीक्षक काय विचारतील

“छपाईचा शोध गुटेनबर्गनेच लावला ना?” उत्तर: नाही, छपाई आणि सुटे खिळे दोन्ही आशियात आधी होते. गुटेनबर्गने धातूचे खिळे एकसारखे ओतण्याची पद्धत, तेलकट शाई आणि दाबयंत्र एकत्र आणलं, त्यामुळे काम भराभर आणि पुन्हा पुन्हा होऊ लागलं.

“छापखान्यामुळे सगळे लोक शिकले का?” इथे मुलं घाईने हो म्हणतात. शिकायला शाळा लागते, फी लागते, शाळेत बसू देणारा समाज लागतो. छापखान्याने पुस्तक स्वस्त केलं. शाळेचं दार उघडायला फुले-सावित्रीबाईंसारख्या माणसांना वेगळं झगडावं लागलं.

“छापखान्याने कुणाचं नुकसान झालं?” हा प्रश्न चांगला परीक्षक हमखास विचारतो. पोथ्या उतरवून पोट भरणाऱ्या लेखनिकांचं काम हळूहळू कमी झालं. आणि ज्या छापखान्यांनी ताराबाईंसारख्यांना बोलू दिलं, तसल्याच छापखान्यांतून बायकांची निंदाही भरपूर छापली गेली. ‘पुणे वैभव’चं उदाहरण भाषणात आधीच आहे, तेच परत दाखवायचं.